एकराला किती?

तुरीचं पीक फवारायला सगळ्यांत वाईट. सोयाबीन निघून गेलेलं असतं, त्यातल्या तुरीच्या ओळी मोकळ्या वाढलेल्या असतात आणि फुलोऱ्यात येईपर्यंत झाड माणसाच्या डोक्यावर जातं. पाठीवर पंधरा लिटरचा पंप, हातात नळी आणि नोझल वर धरलेलं. औषध वर उडतं ते अर्धं शेंड्यावर बसतं आणि अर्धं फवारणाऱ्याच्या तोंडावर, मानेवर, बाहीतून खाली काखेपर्यंत येतं. कपाशी कमरेएवढी असते तोवर निभतं. ती डोक्याएवढी झाली की तिथेही हेच.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी अशीच वाढली होती. फवारणीच्या विषबाधेने त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. ज्याची ही गोष्ट आहे त्याचे वडील त्या शेकड्यांतले एक. चार एकर कोरडवाहू शेती आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतात पंपामागे मजुरीवर फवारणी. ते वाचले. मुलगा तेव्हा आठवीत होता. बापाला दिसेनासं झालं, तोंडातून लाळ येत होती, आणि डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते की कोणतं औषध फवारलं. घरात कोणालाच सांगता आलं नाही, कारण मालकाने तीन बाटल्या एकत्र करून दिल्या होत्या. हे त्याने मला सांगितलं ते आवाज न चढवता. त्याचं नाव आणि गावाचं नाव त्याच्याच इच्छेने इथे दिलेलं नाही. गावात त्याला सगळे ‘पायलट’ म्हणतात, तेच इथेही चालेल.

दहावीनंतर त्याने तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला. मोटार बांधणं, सोल्डरिंग, मल्टिमीटर हातात आला. पुढे कंपनीत लागण्याऐवजी तो ड्रोनकडे वळला, त्याचं कारण साधं आहे. गावालगतच्या शेतात एका कंपनीने ड्रोनने फवारणी करून दाखवली, आणि फवारणारा माणूस बांधावर, पिकापासून लांब, कोरड्या कपड्यांत उभा होता. बाकी लोक वर पंख्यांकडे पाहत होते. हा त्या माणसाच्या शर्टाकडे पाहत होता.

ड्रोन उडवण्याचं प्रमाणपत्र मिळवायला वय अठरा पूर्ण आणि दहावी पास एवढं पुरतं, आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घ्यावं लागतं. पण सुरुवातीला पासपोर्टही लागत असे, आणि खेड्यातल्या पोराकडे पासपोर्ट कुठला? सप्टेंबर २०२३मध्ये ती अट निघाली, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, वाहन परवाना यांवर काम होऊ लागलं, आणि त्या हिवाळ्यात तो प्रशिक्षणाला गेला. उडवण्याचा भाग काही दिवसांचा. आधी संगणकावर, मग मैदानात. त्यातली अवघड गोष्ट एकच, असं तो म्हणतो: ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळलं की उजवं-डावं उलटतं, आणि घाबरलेला हात नेमका चुकीकडे जातो. उपग्रहाचा आधार बंद करून, वाऱ्यात एका जागी धरून ठेवायला शिकेपर्यंत त्याला झोप लागत नव्हती.

त्याचा खरा जीव रमला तो नंतरच्या दुरुस्तीच्या प्रशिक्षणात. सहा मोटारी, सहा पाती, प्रत्येक मोटारीला वीज मोजून देणारा एक नियंत्रक, मधे मेंदू, होकायंत्र, औषधाचा पंप आणि चार नोझल. यातलं काय बिघडलं हे यंत्र उघडण्याआधी कसं ओळखायचं, ते तिथे शिकवलं. मोटार हाताने फिरवली की ती गुळगुळीत फिरायला हवी. वाळू दळल्यासारखी खरखर आली तर बेअरिंगमध्ये औषध शिरलं आहे. पात्याच्या कडेवरून नख फिरवायचं, कुठे अडखळलं तर बारीक चीर आहे, ते पातं त्याच क्षणी बाद. उतरल्यावर सहाही मोटारींना हात लावायचा. एक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर ती एकटी जास्त ओढते आहे. यंत्र हवेत एका जागी न थांबता गोल गोल फिरू लागलं तर होकायंत्र चुकलं आहे, आणि बहुतेक वेळा ते ट्रॅक्टरजवळ किंवा टिनाच्या शेडजवळ उभं राहून जुळवल्यामुळे.

गावात यंत्र आलं ते शेतकरी गटाच्या अवजार बँकेतून. अशा बँकांना ड्रोनसाठी किमतीच्या चाळीस टक्के, जास्तीत जास्त चार लाख रुपये, अनुदान मिळतं. उरलेलं गटाने कर्ज काढलं. दहा लिटर टाकीचं यंत्र, भरल्यावर पंचवीस किलोच्या आतलं. २०२४च्या खरिपात पहिली फवारणी झाली, आणि पहिल्याच महिन्यात गावात जी तक्रार सुरू झाली ती अशी: याने फवारलं की अळी मरत नाही.

ही तक्रार नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण या यंत्राने गावात जे काही बदललं त्याची सुरुवात तिथून झाली.

गावातला सगळा हिशेब पंपावर चालतो. कृषी केंद्रात जाऊन लोक विचारतात, ‘पंपाले किती टाकू?’ दुकानदार सांगतो, एक झाकण, दोन चमचे. मजुरीसुद्धा पंपामागे. एकराला किती औषध जातं हे कोणी मोजत नाही, कारण मोजायची गरज पडत नाही. पण पुडीवरच्या कागदावर मात्रा छापलेली असते ती हेक्टरी. तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के हे दाणेदार औषध घ्या. त्याची मात्रा हेक्टरी २२० ग्रॅम, पाणी निदान ५०० लिटर. म्हणजे एकराला ८८ ग्रॅम औषध आणि २०० लिटर पाणी. पंधरा लिटरचे तेरा पंप झाले, आणि प्रत्येक पंपात पावणेसात ग्रॅमच्या आसपास. इथपर्यंत दुकानदाराचा ‘पंपाला सात ग्रॅम’ हा हिशेब बरोबर आहे.

आता तेच औषध ड्रोनमध्ये. ड्रोन एकराला दहा लिटर पाण्यात काम उरकतो. त्याची टाकी दहा लिटरची, पाठीवरच्या पंपापेक्षाही लहान. पहिल्या काही शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने औषध कालवून आणलं आणि टाकीत ओतलं: एक पंप, सात ग्रॅम. म्हणजे एकराला ८८च्या जागी सात. बाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी. अळी मरणार कशी? आणि त्याहून कमीही झालं. एकाने घाबरून ‘यंत्र आहे, जोरदार असेल’ म्हणून अर्धंच घातलं.

पायलटने यावर जो उपाय काढला तो एक छोटा वजनकाटा. सोनं तोलतात तसल्या जातीचा, खिशात मावणारा, ग्रॅमचा दशांश दाखवणारा. तो आणि एक मोजपात्र त्याच्या पेटीत कायम असतं. फवारणीआधी शेतकऱ्याला तो दोनच प्रश्न विचारतो: क्षेत्र किती, आणि पुडीवर हेक्टरी किती लिहिलंय. पुडी शेतकऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतो. त्याचे एक काका, ज्यांनी तीस वर्षं झाकणाने औषध मोजलं, ते काट्यावरचा आकडा पाहून म्हणाले, ‘म्हंजे इतके दिस आपण अर्धंच मारत होतो काय बा?’ तो हिशेबही त्याने मांडून दाखवला. लोक तेरा पंप कधीच मारत नाहीत. मजुरी वाचवायला आठातच एकर उरकतात. आठ गुणिले सात, छप्पन्न ग्रॅम. ८८ला ३२ कमी. अळी न मरण्याची सवय गावाला ड्रोनच्या आधीपासून होती, फक्त तेव्हा दोष औषधाच्या कंपनीवर जात असे आणि पुढच्या वेळी दुसरी बाटली त्यात मिसळली जात असे. २०१७ला त्याच्या बापाच्या पंपात तीन बाटल्या कशा आल्या, याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे.

मात्रा दुरुस्त झाल्यावरही एका शेतातली अळी गेली नाही, आणि त्या शेतातली गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. दोन एकरांची तूर, दाट, पूर्ण फुलोऱ्यात. फवारणीनंतर चौथ्या दिवशी मालकाने झाडाचा खालचा भाग हलवून दाखवला तर तिथे अळ्या चांगल्या हिंडत होत्या; वरच्या शेंड्यांवर मात्र मेलेल्या. पायलटने आधी स्वतःचं यंत्र तपासलं. त्याचा हिशेब असा: दोन मीटर उंचीवरून उडताना फवाऱ्याचा पट्टा साडेतीन मीटर पडतो, वेग सेकंदाला चार मीटर. म्हणजे सेकंदाला चौदा चौरस मीटर, मिनिटाला ८४०. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, त्याला वळणं सोडून पावणेपाच मिनिटांपेक्षा जरा जास्त लागतात. तेवढ्यात दहा लिटर संपायला हवं, तर मिनिटाला दोन लिटरहून थोडं अधिक, आणि चार नोझलमध्ये वाटलं तर प्रत्येकी ५२० मिलिलिटर. त्याने नुसतं पाणी भरलं, यंत्र स्टँडवर ठेवून पंप चालू केला आणि प्रत्येक नोझलखाली मोजपात्र धरून एक एक मिनिट मोजलं. तीन नोझल बरोबर, चौथं चारशेला अडकलं. जाळीत भुकटीचा गाळ बसला होता. जाळी धुतल्यावर तेही ५२०ला आलं. पण एका नोझलने शेतात एक पट्टा पातळ गेला असता. झाडाचा खालचा भाग सगळीकडे कोरा राहिला नसता. म्हणजे दोष आणखी कुठेतरी होता.

मग त्याने प्रशिक्षणात पाहिलेले पिवळे कागद मागवले. पाण्याचा थेंब पडला की त्या जागी निळा ठिपका उमटतो असे ते कागद. तीन झाडांवर तीन उंचीला ते टाचले, शेंड्यावर, मधे आणि गुडघ्याच्या उंचीवर, आणि पाणी भरून आधीसारखंच उडवलं. मी ते कागद पाहिले आहेत. त्याने पेटीच्या झाकणात चिकटवून ठेवलेत. शेंड्यावरचा जवळजवळ पूर्ण निळा. मधल्यावर ठिपके मोजता येतील असे. खालच्यावर बोटाने दाखवावे इतकेच, चार-पाच.

पंख्यांचा वारा थेंब खाली ढकलतो आणि पानं हलवून आत वाट करतो, हे खरं आहे, पण यंत्र वेगाने पुढे गेलं की तो वारा मागे पडतो आणि आत शिरायला वेळच मिळत नाही. म्हणून त्याने वेग चारवरून तीन मीटरवर आणला आणि पंपाचा प्रवाह तोच ठेवला. आता मिनिटाला ६३० चौरस मीटर. दहा लिटरची टाकी पाऊण एकरात संपते, एकराला साधारण साडेतेरा लिटर पडतात. मात्र औषधाचं वजनही त्याप्रमाणे बदलावं लागतं. टाकीत ८८ नाही, ६६ ग्रॅम घालायचं, नाहीतर एकराला ११७ ग्रॅम जाईल. पुन्हा कागद टाचले. खालच्या कागदावर ठिपके दाटले. शेंड्याइतके नाहीत, पण पुरेसे. दोन एकरांना दोन टाक्यांऐवजी पावणेतीन लागल्या, वेळ वाढला, बॅटरी वाढली. त्याने दाट तुरीचा दर वेगळा ठरवला आणि मालकाला कागद दाखवूनच तो घेतला.

ड्रोनला न जमणारी कामंही तो तोंडावर सांगतो. पानाखाली चिकटून बसणारी पांढरी माशी दाट कपाशीत वरून फवारून नीट आवरत नाही. तिथे तो नाही म्हणतो. तणनाशक तो ड्रोनने मारतच नाही. बारीक थेंब वाऱ्याने शेजारच्या धुऱ्यापलीकडे गेला तर अळीच्या औषधाने फार बिघडत नाही, तणनाशकाने शेजाऱ्याचा हरभरा पिवळा पडतो आणि दोन घरांचं बोलणं बंद होतं. तूर फुलावर असताना तो दुपारी उडत नाही, मधमाश्या फुलांवर असतात म्हणून. आणि ज्या शेतावरून विजेची तार जाते तिथे आधी सगळी हद्द पायी फिरतो, कारण खांबाला दिलेला ताण वरून दिसत नाही.

पैशाचं गणित बॅटरीपाशी येऊन थांबतं. बारा सेलची बॅटरी, पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेलला ४.२ व्होल्ट, एकूण ५०.४. सेल साडेतीनच्या खाली उतरला की तिचं आयुष्य झरझर कमी होतं, म्हणून टाकीत औषध उरलं असलं तरी तो ३.६ला यंत्र उतरवतो. त्याच्या वहीत एक हिशेब असा लिहिला आहे: बॅटरी तीस हजारांची, नीट वापरली तर अडीचशे वेळा भरते, म्हणजे प्रत्येक उड्डाणाला बॅटरीचेच १२० रुपये झिजले. एका उड्डाणात एकर किंवा त्याहून कमी. एकराला पाचशे रुपये घेतले तर त्यातले इतके बॅटरीचे, हे गटाला पटवायला त्याला एक हंगाम लागला. पहिल्या वर्षी सहा दिवसांची झड लागली, तेव्हा चार बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवल्या होत्या, सकाळी उघडीप झाली की लगेच निघू म्हणून. दोन फुगल्या. काम नसेल तेव्हा सेल ३.८ला ठेवायचा असतो, हे त्याला माहीत होतं. पण उघडीप उद्या होईल असं रोजच वाटत राहिलं. शेतीच्या वाहिनीवर वीज कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून बॅटऱ्या बांधावरच्या जनरेटरवर भरतात. उड्डाण करून आलेली गरम बॅटरी तो आधी निंबाच्या सावलीत ठेवतो, हाताला गार लागली की मगच चार्जरला लावतो. चार बॅटऱ्या असल्या की हे चक्र न थांबता चालतं.

आता गावातल्या कामाचं. फवारणीच्या दिवसांत गावात पंप पाठीवर घेणारी वीस-बावीस माणसं होती, आणि त्यांच्याइतक्याच बायका पाणी वाहणाऱ्या. एकराला दोनशे लिटर पाणी विहिरीवरून, नाल्यावरून हंड्यांनी शेतात आणायचं, हे काम कुठल्याही अहवालात दिसत नाही, पण त्याची मजुरी घरात येत होती. एकराला दहा-पंधरा लिटर पाणी लागू लागलं आणि ते काम गेलं. एक मावशी मला म्हणाल्या, ‘पानी वाह्यचं दुखनं गेलं ते बरंच झालं, पन त्या दिसाची रोजी बी गेली ना जी.’ हे दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं खोडत नाही. वेचणी, निंदण आहे; पण त्या आठ-दहा दिवसांची भर दुसऱ्या कशाने निघालेली नाही. शेजारच्या गावात ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून महिला बचत गटाला यंत्र मिळालं आहे, तिथे उडवणारी बाईच आहे. तिचं यंत्र बिघडलं की याला फोन येतो. जिल्ह्याच्या गावी पाठवायचं तर ऐन अळीच्या दिवसांत आठवडा जातो. तो बेअरिंग आणि पाती घेऊन मोटारसायकलवर तासाभरात पोहोचतो. त्याच्या कमाईत आता दुरुस्ती फवारणीच्या बरोबरीला आली आहे.

पंपवाल्यांपैकी तिघं त्याच्याबरोबर काम करतात. एक बॅटरी आणि जनरेटर पाहतो, एक वाहन आणि हद्द, आणि एक औषध कालवतो. या तिसऱ्याबद्दल पायलट सगळ्यांत जास्त बोलतो. शेतात फिरणारा माणूस विषातून बाहेर आला, पण विष पातळ राहिलं नाही. दोनशे लिटरमधलं औषध दहा लिटरमध्ये, म्हणजे वीसपट तीव्र. पाठीवरचा पंप गळला तर जे अंगावर येत असे त्याच्या वीसपट विष इथे तेवढ्याच शिंतोड्यात येतं. सगळा धोका बांधावरच्या एका बादलीत आणि ती हलवणाऱ्या एका माणसात गोळा झाला आहे.

म्हणून बादलीपाशी त्याचे नियम कडक आहेत. कालवणाऱ्याने जाड रबरी हातमोजे, प्लास्टिकचा एप्रन आणि तोंडापुढे पारदर्शक ढाल लावल्याशिवाय पुडी फाडायची नाही. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं. दोन लिटर पाण्यात औषध आधी पूर्ण विरघळवायचं, जाळीतून गाळायचं, मग टाकीत. रिकामी पुडी तीनदा धुवायची आणि ते धुवण टाकीतच. एका टाकीत एकच औषध. दुसरी बाटली घेऊन आलेल्या शेतकऱ्याला तो परत पाठवतो, मग तो सरपंच असो की सख्खा मामा. आणि कालवलेल्या प्रत्येक पुडीचं नाव, वजन, शेत आणि वेळ वहीत लिहायची. कालवणाऱ्याला काही झालं आणि डॉक्टरांनी विचारलं की कोणतं औषध, तर उत्तर त्या पानावर आहे.

कालवण्याचं काम वडिलांनी मागितलं होतं. त्याने त्यांना दिलं नाही, बॅटरीकडे बसवलं. यावरून घरात बरेच दिवस अबोला होता. ‘मले काय समजत नाही काय?’ असं ते मलाही म्हणाले. आता ते मल्टिमीटरने सेल तपासतात, आणि दोन सेलमध्ये फरक दिसला की मुलाला हाक मारण्याआधी ती बॅटरी स्वतःच बाजूला काढतात.

यंदाच्या हंगामाआधी गटाच्या बैठकीत मजुरीचा विषय निघाला. काहींचं म्हणणं, तिघांनाही सारखं द्यावं. पायलटने कालवणाऱ्याला एकरामागे तिघांत सर्वांत जास्त मागितलं, स्वतःपेक्षा वीस रुपये कमी फक्त. शिवाय दर दोन महिन्यांनी त्याची रक्ततपासणी गटाच्या खर्चाने. रात्री अकरापर्यंत वाद चालला. मजुरी मान्य झाली, तपासणीचा खर्च अर्धा गटाने द्यायचा आणि अर्धा फवारणीच्या दरात पाच रुपये वाढवून शेतकऱ्यांकडून घ्यायचा ठरला. पहिली तपासणी तूर फुलावर येण्याआधी आहे.